पहाटे स्वप्नात कावळा येतो तेव्हा

नाशिकमधे कोणाच्याही घरी विचारा, स्वप्नात कावळा दिसला तर काय समजायचं, आणि चार माणसांकडून चार उत्तरं ऐकून घ्या. आजी म्हणणार पितर आलेत, काहीतरी मागतायत. काका म्हणणार शनीचं वाहन आहे, जपून राहा. तिसरं कोणीतरी म्हणेल पाहुणे येणार. आणि चौथा विचारेल, काही खात होता का नुसताच ओरडत होता? म्हणजे खाल्लं तर चांगलं, ओरडला तर वाईट, असा हिशोब. एवढे अर्थ तयार असले की त्यातला एखादा तरी लागू पडणारच ना.

पण मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं ते हे की कावळा नेमका पहाटेच का येतो, आणि घरात कोणी गेल्यानंतरच जास्त का येतो.

एक केस घेऊ, काल्पनिक आहे पण घरोघरी घडते तशी. आजी गेल्या, दहावा गंगेवर रामकुंडाला झाला. पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. सगळे टक लावून बघतायत, कोणी म्हणतंय नातवाच्या लग्नाची काळजी असेल, कोणी हात जोडून सांगतंय आम्ही सगळं नीट करू, पाऊण तास गेला, गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीत, आणि तेवढ्यात एक आला आणि शिवला. (कावळ्याच्या बाजूने बघितलं तर समोर माणसांची गर्दी, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर, आणि कावळा माणसाची नजर ओळखणारा, अनोळखी गोष्टीला बिचकणारा पक्षी, त्यात घाटावर पोट बहुतेक आधीच भरलेलं.) मग आठवड्याने नातीला पहाटे स्वप्न पडतं, गॅलरीच्या कठड्यावर कावळा बसलाय आणि आजीच्या आवाजात बोलतोय.

आता हा आठवडा लक्षात ठेवा. स्वप्नांच्या अभ्यासात असं दिसलंय की दिवसभरातल्या गोष्टी त्याच रात्री किंवा दुसऱ्या रात्री स्वप्नात येतात, मग मधे जरा गायब होतात, आणि साधारण पाच ते सात दिवसांनी परत डोकं वर काढतात, खासकरून मनाला लागलेल्या गोष्टी. त्या पाऊण तासात नातीच्या डोक्यात आजी, काळजी आणि कावळा एकत्र बांधले गेले होते, त्यामुळे ते एकत्रच वर आले.

पहाटेचं कारण वेगळं. ज्या झोपेत डोळे पापण्यांखाली भराभर हलतात, ती रेम झोप दर दीड तासाच्या आसपास येते. पहिली खेप दहा-एक मिनिटांची, पण पहाटेकडे तीच अर्धा तास किंवा त्याहून जास्त चालते. रंगीत, गोष्टीसारखी स्वप्नं त्यात जास्त पडतात आणि त्यातून थेट जाग आली तर लक्षातही राहतात. स्वप्नफळ सांगणारे म्हणतात रात्रीच्या पहिल्या प्रहरातलं स्वप्न फळायला वर्ष लागतं आणि पहाटेचं लगेच खरं होतं, त्यातलं निरीक्षण अगदीच वाया गेलेलं नाही, पहाटेचं स्वप्न खरंच जास्त ठसठशीत असतं, फक्त ठसठशीत म्हणजे खरं होणारं असं नाही.

त्यात सूर्य उगवायच्या आधीच बाहेर कावळ्यांची कावकाव सुरू होते, आणि कान झोपेत पूर्ण बंद नसतात. डेमेंट आणि वोलपर्ट या अमेरिकन संशोधकांनी 1958 साली रेम झोपेतल्या लोकांवर थंड पाण्याचा फवारा मारला, तर 42 टक्के वेळा स्वप्नात पाणी किंवा तसंच काही आलं. पण नुसता एकसुरी आवाज वाजवला तेव्हा आकडा 9 टक्क्यांवरच राहिला. म्हणून खिडकीतल्या कावळ्यामुळेच स्वप्नात कावळा आला असं दरवेळी ठोकून देता येत नाही, मी तरी देणार नाही. आधीच मनात कावळा असेल आणि वरून आवाज आला तर दोन्ही जुळायला सोपं जातं, इतकंच.

राहिला निरोपाचा प्रश्न. बहुतेक स्वप्नं उठल्यावर काही मिनिटांत पुसली जातात. नंतर दुपारी मामांच्या ऑपरेशनचा फोन आला की पहाटेचा कावळा आठवतो, आणि ज्या दिवशी फोनच आला नाही त्या दिवशीचा कावळा कोणाच्याच लक्षात नसतो. शिवाय आठवताना स्वप्न थोडं बदलतंही, कावळा आधी नुसता बसलेला असतो, फोननंतर तो ओरडत होता असं वाटायला लागतं.

तपासून बघायचं असेल तर उशाशी वही ठेवा. मोबाईल हातात घ्यायच्या आधी तारीख, वेळ, कावळा काय करत होता, आणि त्याचा अर्थ घरच्यांच्या मते काय, हे सगळं त्याच वेळी लिहा, नंतर अर्थ बदलायचा नाही. महिनाभराने पुढे काय झालं ते भरा, आणि काहीच झालं नाही तर तेही लिहा, कारण ती रिकामी पानंच आपण कधी मोजत नाही.

आजी स्वप्नात येऊन बोलल्या म्हणून नातीला बरं वाटलं असेल तर ते वहीत तपासायची गरज नाही. पण तेच भीतीदायक स्वप्न महिनोन्महिने पडून झोप उडत असेल तर शांती करायची तर करा, पण डॉक्टरांनाही दाखवा, वारंवार येणाऱ्या भयस्वप्नांवर उपचार आहेत.