वाय-फाय बंद केलं की कळतं, पीडीएफ कुठे जाते

धरमपेठेत आमच्या शेजारी एक वकीलकाका राहतात. परवा रात्री त्यांनी हाक मारली. एका पक्षकाराच्या बक्षीसपत्राची १४ पानं स्कॅन केलेली होती, फाइल १८ एमबीची, आणि अपलोडची मर्यादा ५ एमबी. आत आधार, पॅन, अंगठ्याचे ठसे, सगळंच. त्यांनी पीडीएफ लहान करून देणारी एक फुकट वेबसाइट उघडून ठेवली होती. मी थांबवलं तर म्हणाले, "अरे, वर कुलूप दिसून राहिलं ना, मग काहून घाबरतोस?"

ते कुलूप एवढंच सांगतं की फाइल तुमच्याकडून त्यांच्या सर्व्हरपर्यंत जाताना वाटेत कोणी वाचू शकत नाही. पोचल्यावर ती तिथे उघडलीच जाते, उघडल्याशिवाय लहान कशी करणार? "दोन तासांत फाइल पुसतो" हे वाक्य खरंही असेल, पण ते तपासायला आपल्याकडे साधन नाही. शिवाय धोका उलट दिशेनेही येतो. मार्च २०२५ मध्ये एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने इशारा दिला होता की काही फुकट कन्व्हर्टर फाइल बदलून देतात खरी, पण सोबत व्हायरसही पाठवतात.

सगळ्याच वेबसाइट फाइल बाहेर नेतात असं मात्र नाही. काहींचा प्रोग्रॅम आपल्या ब्राउझरमध्ये उतरतो आणि काम आपल्याच कॉम्प्युटरवर होतं. पानावर दोघीही "सुरक्षित" असंच लिहितात. फरक ओळखायचा तर काकांचं बक्षीसपत्र बाजूला ठेवायचं आणि वर्तमानपत्राची चार-पाच पानं स्कॅन करून चाचणीची फाइल बनवायची. खाजगी विंडोत वेबसाइट पूर्ण उघडू द्यायची, मग वाय-फाय बंद करून ही फाइल टाकायची. काम झालं तर ते आपल्याच मशीनवर झालं. अडकलं तर बहुधा फाइल बाहेर जाणार होती. बहुधा अशासाठी, की कधीकधी प्रोग्रॅमचा एखादा तुकडा उतरायचा राहिलेला असतो.

नेट चालू ठेवूनही पाहता येतं. क्रोममध्ये `F12` दाबून `Network` उघडा आणि फाइल टाका. इथे बरेच जण फसतात. `Size` हा रकाना आलेल्या उत्तराचा आकार दाखवतो, गेलेल्या फाइलचा नाही. म्हणून ओळीवर क्लिक करून `Request Method` पुढे `POST` किंवा `PUT` आहे का ते पाहायचं, आणि तसं असेल तर खाली `Request Headers` मध्ये `Content-Length` बघायचं. आम्ही ५ एमबीची चाचणी-फाइल टाकली तेव्हा तिथे पन्नास लाखांच्या वरचा आकडा दिसला. म्हणजे अख्खी फाइल गेली. (मोठी फाइल तुकड्यांत गेली तर अशा ओळी अनेक दिसतात.) काका खुर्चीत मागे टेकले, "अरे बाप्पा!"

आता फाइल मुळात एवढी मोठी का? ए४ पान ३०० डीपीआयवर, म्हणजे दर इंचात ३०० ठिपके धरून, स्कॅन केलं की सुमारे ८७ लाख ठिपके होतात. १५० डीपीआयला ते पावभर राहतात, आणि टाइप केलेला मजकूर तरीही नीट वाचता येतो. हे काम घोस्टस्क्रिप्ट नावाचा फुकट प्रोग्रॅम नेटशिवाय करतो. तो त्याच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. विंडोजमध्ये फाइल असलेल्या फोल्डरात कमांड प्रॉम्प्ट उघडून अशी आज्ञा द्यायची:

```
gswin64c -sDEVICE=pdfwrite -dPDFSETTINGS=/ebook -dNOPAUSE -dBATCH -sOutputFile=lahan.pdf mul.pdf
```

(`gswin64c` सापडत नाही असं आलं, तर त्याच्या आधी प्रोग्रॅमच्या `bin` फोल्डरचा पूर्ण पत्ता लावून ते सगळं दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावं लागतं.) काकांची फाइल साडेचार एमबीवर आली. ठसे आणि शिक्के मोठे करून पाहिले, ओळखू येत होते. पण स्कॅन २०० डीपीआयचं असतं, तर या आज्ञेने ठिपके कमी झालेच नसते. चित्र ठरलेल्या १५० च्या दीडपटीहून, म्हणजे २२५ हून, दाट असेल तरच ते विरळ केलं जातं. अशा वेळी `/screen` वापरता येतं, पण ते ७२ डीपीआयवर आणतं आणि बारीक अक्षरं पुसट होतात. त्यापेक्षा स्कॅनरवर रंगीत ऐवजी करडं निवडून पुन्हा स्कॅन केलेलं बरं.

वर्डची पीडीएफ करायला तर बाहेर जायचं कामच नाही. वर्ड आणि लिबरऑफिस दोन्हींत ती सोय आहे.

निघताना काकांनी एक डिजिटल सहीचा सातबारा पुढे केला, "हाही बारीक करून टाक." त्याला मी हात लावला नाही. घोस्टस्क्रिप्ट फाइल नव्याने लिहितं, त्यात डिजिटल सही उडते, आणि मागे उरतं ते सहीचं नुसतं चित्र. तो होता तसाच, वेगळा अपलोड केला.