टीव्ही छान दिसतो, पण नेट तुटतं? पडवीतला स्प्लिटर आणि जोड बघा

मोडेमचा दिवा लुकलुकतो, दोन-चार मिनिटांनी नेट परत येतं आणि वारा सुटला की पुन्हा जातं. शेजाऱ्यांचं नेट त्याच वेळी नीट चालत असेल, तर दोष बहुधा तुमच्या घराकडे येणाऱ्या केबलच्या वायरच्या जोडात किंवा ती वायर टीव्ही आणि मोडेममध्ये वाटणाऱ्या स्प्लिटरमध्ये असतो.

मालवणच्या एका घरातली अशीच तक्रार घ्या. मोडेम लावलेल्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये 192.168.100.1 टाकलं की बहुतेक मोडेमचं माहितीचं पान उघडतं. तिथे Downstream Power −12 dBmV होता, म्हणजे येणारा सिग्नल फारच कमजोर. तो −7 ते +7 मध्ये असावा. Upstream Power, म्हणजे मोडेम परत पाठवतो त्या सिग्नलचा जोर, 51 होता. परतीच्या वाटेवर सिग्नल जितका गळतो, तितका जोर मोडेम वाढवतो. पन्नाशीपलीकडे त्याच्याकडे जोरच उरत नाही, आणि नेट तुटतं.

पडवीत चार तोंडांचा स्प्लिटर होता, त्यातली दोन तोंडं रिकामी. अशा स्प्लिटरमध्ये दर तोंडाला साधारण 7 डीबी सिग्नल जातो, दोन तोंडांच्यात साधारण साडेतीन. तो बदलून दोन तोंडांचा लावल्यावर आकडे −8.5 आणि 47.5 झाले. तरी वायर हलली की आकडे उड्या मारत. कनेक्टर उघडला तर आतली तार हिरवी पडलेली! आपल्याकडची खारी हवा आणि पावसाळ्यातली ओल सैल जोडात शिरते, ती अशी. खराब टोक कापून नवा कॉम्प्रेशन कनेक्टर बसवला, तेव्हा आकडे −6 आणि 45 वर स्थिर झाले.

स्वस्त स्प्लिटर घेताना त्याच्यावर छापलेलं वाचा. तिथे 5–1000 MHz असायला हवं. फक्त टीव्हीसाठी बनवलेले काही स्प्लिटर 40 MHz च्या पुढेच सुरू होतात. मोडेम परतीचा सिग्नल 5 MHz पासूनच्या खालच्या पट्ट्यात पाठवतो, तो अशा स्प्लिटरमध्ये अडतो. म्हणून चित्र छान दिसतं आणि नेट मात्र पडतं.

खात्री करायची सोपी रीत अशी: बाहेरून येणारी वायर स्प्लिटरमधून काढून सरळ मोडेमला लावा. टीव्ही तेवढा वेळ बंद राहील. दिवसभर नेट टिकलं, तर दोष स्प्लिटरचा किंवा त्याच्यापुढच्या वायरचा. तरीही तुटलं, तर बाहेरून येणाऱ्या वायरचा जोड तपासावा लागेल. कनेक्टर हाताने घट्ट फिरवून बघायला हरकत नाही, पक्कड लावून पिळू नका. विजा चमकत असताना वायरला हातच लावू नका. आणि उघड्या जोडावर नुसती चिकटपट्टी गुंडाळू नका. पाणी आत अडकून राहतं. जोडाच्या आधी वायरला खाली झोल दिला की पाणी तिथूनच ठिबकतं.

सैल जोडातून बाहेरचा गोंगाट लाइनीत शिरतो आणि त्याचा त्रास वाडीतल्या इतरांनाही होतो. म्हणून आम्हाला, तुमच्या केबलवाल्यांना, लवकर कळवा. फोन करताना वरचे दोन आकडे आणि स्प्लिटरची तोंडं किती ते सांगा, म्हणजे आमचा माणूस लागेल ते सामान घेऊनच येईल.