सॉलिड मॉडेलवरून शीट: बेअरिंग हाऊसिंगचे एक उदाहरण

तुम्ही सॉलिड मॉडेल पाठवता, आम्ही त्यावरून मापांसह ड्रॉइंग शीट बनवून देतो. व्ह्यू काढायचे काम सॉफ्टवेअर करते. मात्र कोणते माप कुठून द्यायचे, हे आम्हाला ठरवावे लागते. ते कसे ठरते, हे ६२०५ बेअरिंगच्या हाऊसिंगवरून सांगतो.

हाऊसिंगची एकूण उंची ४५ मिमी आणि बोअर ५२ मिमी. बेअरिंगची रुंदी १५ मिमी, पण प्रत्यक्षात ती १४.८८ मिमीपर्यंत कमी असू शकते. वरून झाकण बोल्टने आवळले की त्याने बेअरिंग दाबून धरले पाहिजे. त्यासाठी बेअरिंग हाऊसिंगच्या तोंडाच्या किंचित वर राहावे लागते, म्हणून बोअरची खोली १४.८ मिमी ठेवली.

समोरच्या व्ह्यूमध्ये बोअर तुटक रेषांनी दिसतो. तुटक रेषांना आम्ही माप देत नाही, कारण कोणती रेषा कशाची हे वाचणाऱ्याला नीट कळत नाही. म्हणून बोअरच्या मध्यातून सेक्शन A-A घेतो. ही छेदरेषा रिबच्या लांबीतून जाते. अनेकदा सॉफ्टवेअर रिबवरही हॅचिंग मारते आणि भाग भरीव शंकूसारखा भासतो. प्रघातानुसार रिबला हॅचिंग नसते, म्हणून आम्ही ते काढतो.

आता खोलीचे माप. मॉडेल तळापासून उभे केले असेल, तर आपोआप आलेली मापे ४५ आणि ३०.२ अशी येतात. वजाबाकी बरोबर १४.८ येते, पण दोन्ही मापांना ±०.१ सूट असेल तर खोली १४.६ ते १५.० होऊ शकते. १५.० झाली की झाकण हाऊसिंगवर टेकते, बेअरिंगवर दाब येतच नाही. म्हणून आम्ही ३०.२ काढून टाकतो आणि वरच्या तोंडापासून थेट १४.८ ±०.०५ देतो. आता खोली जास्तीत जास्त १४.८५, म्हणजे सर्वात अरुंद बेअरिंगही थोडे वरच राहते.

बोअरच्या तळाचा कोपरा फार लहान असतो. तिथली त्रिज्या १ मिमीपेक्षा मोठी झाली, तर बेअरिंग खांद्यावर न बसता गोलाईवर अडते. आम्ही जास्तीत जास्त ०.६ लिहितो. १:१ शीटवर ही गोलाई दिसतच नाही, म्हणून ५:१ स्केलचा डिटेल B काढतो. कागदावर ती ३ मिमी दिसते, आकडा मात्र खराच, ०.६. कृपया पट्टी लावून माप घेऊ नका.

शीट हाती आल्यावर एक तपासणी जरूर करा. मॉडेलमध्ये बोअरची खोली तात्पुरती १६ करा आणि शीट अपडेट करा. आकडा बदलला नाही, तर तो हाताने टाइप केलेला आहे. तशी शीट आम्हाला परत पाठवा.

मॉडेलसोबत एवढे कळवा: कोणता पृष्ठभाग कशावर टेकतो, आणि तुमच्याकडे फर्स्ट अँगल वाचतात की थर्ड अँगल.