वर्ग बहुपदीने भागल्यावर उरणारी बाकी (दोन मुळांची रीत)

एखाद्या बहुपदीला वर्ग बहुपदीने भागले असता येणारी बाकी प्रत्यक्ष भागाकार न करता, भाजकाच्या दोन मुळांवरून काढण्याची रीत. भाजक रेषीय असेल तर शेष सिद्धांत पुरतो: p(x) ला x − α ने भागल्यास बाकी p(α) असते. भाजक वर्ग बहुपदी असला की बाकी ही एकच संख्या असेल असे धरता येत नाही. बाकीची कोटी भाजकाच्या कोटीपेक्षा कमी हवी एवढेच बंधन असते, म्हणून ती जास्तीत जास्त रेषीय, म्हणजे ax + b या रूपाची मानावी लागते.

भाजकाची मुळे α आणि β असतील तर

p(x) = (x − α)(x − β) q(x) + ax + b

असे लिहिता येते. x च्या जागी α ठेवला की पहिले पद शून्य होते आणि भागाकार q(x) माहीत नसला तरी काही अडत नाही. β ठेवल्यावरही तेच घडते. हाती उरतात दोन एकसामयिक समीकरणे: aα + b = p(α) आणि aβ + b = p(β). अज्ञात संख्याही दोनच. α ≠ β असेल तर a आणि b ची एकच जोडी मिळते.

x^10 ला x² − x − 2 ने भागायचे आहे असे समजू. नेहमीच्या रीतीने भागत गेल्यास नऊ पायऱ्या होतात आणि चिन्हाची चूक कुठेही होऊ शकते. भाजकाचे अवयव (x − 2)(x + 1), म्हणून मुळे 2 आणि −1.

x = 2 ठेवून: 2a + b = 1024
x = −1 ठेवून: −a + b = 1

वजाबाकी केल्यास 3a = 1023, म्हणून a = 341 आणि b = 342. बाकी 341x + 342.

इथे 1023 ला तीनने पूर्ण भाग गेला हा योगायोग नाही. भाज्य आणि भाजक या दोघांचे सहगुणक पूर्णांक असतील आणि भाजकातील x² चा सहगुणक 1 असेल, तर भागाकाराच्या कोणत्याही पायरीत अपूर्णांक येण्याचे कारणच नसते. त्यामुळे अशा उदाहरणात a अपूर्णांक आला तर मागे जाऊन चूक शोधावी. पण प्रत्येक चुकीने अपूर्णांक येतोच असे नाही; उदाहरणार्थ, x + 1 चे मूळ 1 धरण्याची चूक. वरच्या उदाहरणात तसे केल्यास दुसरे समीकरण a + b = 1 होते आणि a = 1023, b = −1022 मिळते. ही उत्तरे पूर्णांकच असल्याने ही चूक वरच्या कसोटीत सापडत नाही. म्हणून तयार बाकीत खरी मुळे पुन्हा ठेवून पाहणे अधिक खात्रीचे: x = −1 ठेवल्यास 1 यायला हवा, पण येतो −2045.

भाजकाला एखाद्या शून्येतर स्थिर संख्येने गुणले तरी बाकी बदलत नाही, कारण मुळे तीच राहतात. बदलतो तो फक्त भागाकार. 3x² − 3x − 6 ने भागले तरी x^10 ची बाकी 341x + 342 हीच.

आलेखावर पाहिल्यास y = ax + b ही (α, p(α)) आणि (β, p(β)) या दोन बिंदूंतून जाणारी रेषा आहे; मुळे वास्तव असताना बाकी म्हणजे वक्राची छेदिका. दोन मुळे एकमेकांजवळ सरकत एक झाली की छेदिकेची स्पर्शिका होते, आणि नेमकी तिथेच ही रीत अडते. भाजक (x − 1)² असेल तर दोन्ही अटी मिळून a + b = 1 हे एकच समीकरण देतात. दुसरी अट विकलजावरून मिळते: p'(1) = a. x^10 साठी a = 10, b = −9, म्हणून बाकी 10x − 9.

मुळे संमिश्र असली तरी रीत चालते. भाजक x² + 1 असेल तर x = i ठेवावा: i^10 = −1, म्हणून ai + b = −1. सहगुणक वास्तव असल्याने या एकाच समीकरणातून a = 0 आणि b = −1 मिळतात. मुळे अपरिमेय असली की मात्र हिशेब किचकट होतो. x² − x − 1 ने भागताना वर्गमूळ पाच असलेल्या मुळांचे दहावे घात काढत बसण्यापेक्षा x² च्या जागी x + 1 ठेवत जाणे बरे. तसे केल्यास x³ ची बाकी 2x + 1, x⁴ ची 3x + 2, x⁵ ची 5x + 3 अशी येते. सहगुणक फिबोनाची क्रमातले असतात आणि x^10 ला बाकी 55x + 34 उरते.

सारणीचे मोठे घात काढताना हीच बाकी कामी येते. पहिली ओळ 0, 2 आणि दुसरी ओळ 1, 1 अशी सारणी A घेतली तर तिची लाक्षणिक बहुपदी x² − x − 2 आहे. केली-हॅमिल्टन सिद्धांतानुसार A² − A − 2I = 0, म्हणून भागाकाराचे पद गळून पडते आणि A^10 = 341A + 342I उरते. सारण्यांचा एकही गुणाकार न करता A^10 ची पहिली ओळ 342, 682 आणि दुसरी ओळ 341, 683 अशी मिळते.