घरपट्टी जागच्या जागी, शहर मात्र पुढे : खानदेशातल्या शहर-करांची पार्श्वभूमी

जळगावच्या सराफ बाजारात सोन्याचा भाव दुप्पट झाला आणि गिऱ्हाईक तेवढंच राहिलं, तर दुकानाची उलाढालही दुप्पट होते. सोन्यावरचा जीएसटी ३ टक्के असल्यामुळे केंद्राचा आणि राज्याचा वाटाही आपोआप दुप्पट होतो. त्यासाठी कुणाला ठराव करावा लागत नाही, नोटीस काढावी लागत नाही. त्याच दुकानाची घरपट्टी मात्र एका रुपयानेही वाढत नाही, कारण ती दुकानातल्या व्यवहारावर नसून त्या जागेच्या कधीतरी ठरवलेल्या भाड्यावर असते. दुकानासमोरचा रस्ता झाडणं, गटार काढणं, दिवा लावणं ही कामं मात्र महापालिकेचीच.

अर्थशास्त्रात हा फरक मोजायला दोन मापं आहेत. लोकांचं उत्पन्न १ टक्क्याने वाढलं तर कराचं उत्पन्न किती टक्क्यांनी वाढलं, हे सांगते ती उत्प्लावकता. वाढ कशामुळे झाली हे ती विचारत नाही. दर वाढवला असेल, नवा कर लावला असेल, वसुली कडक केली असेल, सगळं तिच्यात धरलं जातं. लवचिकता काढताना ही मुद्दाम केलेली वाढ वजा करतात. काहीही न बदलता, अर्थव्यवस्थेबरोबर कर स्वतःहून किती वाढला असता, एवढंच तिच्यात उरतं. शहराच्या दृष्टीने लवचिकताच महत्त्वाची. लवचिकता १ च्या आसपास असेल तर नगरसेवकांना शांतपणे कारभार करता येतो. ती शून्याजवळ असेल तर खर्च भागवायला दर काही वर्षांनी करवाढ मागावी लागते, आणि निवडणूक लढवणाऱ्या माणसाला ते नेमकं जमत नाही.

खानदेशात न वाढणाऱ्या कराची गोष्ट नगरपालिकांच्याही आधीची आहे. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात जमिनीची मोजणी करून शेतसारा ठरवायला घेतला, तेव्हा १८५२ साली सावदा, फैजपूर, एरंडोल भागात शेतकऱ्यांनी या सर्व्हेला जोरदार विरोध केला आणि सरकारला फौज आणावी लागली. पुढे सर्व्हे झाला, आणि एकदा ठरलेला सारा तीस वर्षं कायम राहील असं ठरलं. लगेच अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं (१८६१ ते १८६५), कापसाचे भाव कडाडले, खानदेशच्या कापसाला कधी नव्हती अशी मागणी आली. साऱ्याचा आकडा होता तिथेच राहिला. शेतकऱ्याला त्यात दिलासा होता आणि तो मिळायलाच हवा होता. पण उत्पन्न वाढलं तरी कर जागचा हलत नाही, अशी रचना इथे तेव्हापासून आहे.

त्याच कापसावर आणि रेल्वेवर जळगाव उभं राहिलं. धुळ्याची नगरपालिका १८६२ ची, जळगावची १८६४ ची. या नगरपालिकांना दोन मोठे आधार मिळाले, घरपट्टी आणि जकात. जकातीची बदनामी पुष्कळ झाली आणि ती खरीही होती. नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागत, पावत्यांत घोळ होई, व्यापारी वैतागून जात. पण करशास्त्राच्या नजरेतून पाहिलं तर जकात हाच शहराचा एकमेव चालता-फिरता कर होता. माल आला की कर आला. किमतीवर आकारणी असेल तर महागाईबरोबर तोही चढायचा, आणि पैसा रोजच्या रोज हातात यायचा. पगाराच्या तारखेला हे फार मोलाचं असतं.

घरपट्टीचं मात्र उलट होतं. तिचा पाया म्हणजे ती जागा भाड्याने दिली तर वर्षाला किती भाडं येईल याचा अंदाज. त्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा केले की करयोग्य मूल्य मिळतं. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांचं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं. पुढे १९६० ते १९८० च्या दरम्यान सर्वोच्च न्यायालयाने निरनिराळ्या शहरांच्या खटल्यांत असा निकाल दिला की, कायद्याने जितकं भाडं घेता येतं त्याहून जास्त करयोग्य मूल्य धरता येणार नाही. तर्क सरळ होता, पण परिणाम असा झाला की भाडेकरू असलेल्या जुन्या इमारतींची घरपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या भाड्याला बांधली गेली. महाराष्ट्राचा नवा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि त्याने या भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढ मान्य केली. तोपर्यंत दोन पिढ्या गेल्या होत्या.

व्यवसाय कराचंही तसंच. राज्यघटनेने १९५० मध्ये त्याची कमाल मर्यादा माणशी वर्षाला २५० रुपये ठेवली होती, १९८८ मध्ये ती २,५०० झाली आणि अजून तेवढीच आहे. महाराष्ट्रात तर १९७५ पासून हा कर राज्य सरकारच वसूल करतं.

आता घरपट्टीचा हिशेब एका घरावर करून पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेत, रीत खरी आहे. जळगावच्या एखाद्या कॉलनीत ६० चौरस मीटरचं घर. आकारणीच्या वर्षी दर ठरला महिन्याला चौरस मीटरमागे १० रुपये. वर्षाचं भाडं ७,२०० रुपये, १० टक्के वजा जाता करयोग्य मूल्य ६,४८०. सर्व कर मिळून ३० टक्के धरले तर बिल १,९४४ रुपये. दहा वर्षांनी त्या घराचं खरं भाडं अडीचपट झालेलं असतं, घरमालकाचा पगारही वाढलेला असतो, पण फेरआकारणी झाली नसेल तर बिल १,९४४ चंच राहतं. या घरापुरती लवचिकता शून्य.

संपूर्ण शहराचं चित्र थोडं बरं दिसतं, आणि तिथेच फसगत होते. समजा या दहा वर्षांत घरपट्टीची चालू मागणी, म्हणजे त्या-त्या वर्षाच्या बिलांची बेरीज, १० कोटींवरून १४ कोटींवर गेली. यातले ३ कोटी नव्या इमारतींचे, १ कोटी दरवाढीचा. लोकांचं उत्पन्न त्याच काळात तिप्पट झालं. वार्षिक गतीने बघायचं तर उत्पन्न साधारण ११.६ टक्क्यांनी वाढलं आणि घरपट्टी ३.४ टक्क्यांनी, म्हणजे उत्प्लावकता ०.३ च्या आसपास. दरवाढीचा कोटी वजा केला तर घरपट्टीची गती २.७ टक्क्यांवर येते आणि लवचिकता ०.२३ वर. आता तो ३ कोटींचा आकडा नीट पाहा. तो नव्या घरांमधून आला, आणि प्रत्येक नवं घर आपल्याबरोबर नवा रस्ता, नवी जलवाहिनी, नवी घंटागाडी मागतं. शहराबाहेरच्या शेतात प्लॉट पडतात तेव्हा रहिवासी आधी येतात, पाणी मागतात. आकारणी होऊन पहिलं बिल निघायला वर्षं जातात. जुन्या शहराच्या वाढत्या खर्चासाठी या वाढीतून जवळजवळ काही उरत नाही.

खर्च का थांबत नाही, याचं उत्तर अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल यांनी १९६७ मध्ये दिलं, आणि त्यांच्यासमोरचा प्रश्न शहरांच्या आर्थिक अडचणींचाच होता. कारखान्यात यंत्रामुळे एक माणूस दरवर्षी जास्त माल काढतो, म्हणून त्याचा पगार वाढला तरी मालाची किंमत फारशी चढत नाही. झाडू मारणं, गटार उपसणं, बालवाडी चालवणं यांत ती सोय नाही. एक सफाई कामगार दिवसाला जेवढा रस्ता आधी झाडत होता, साधारण तेवढाच आजही झाडतो. पण त्याचा पगार बाकीच्यांच्या बरोबरीने वाढलाच पाहिजे, वेतन आयोग त्यालाही लागू झालाच पाहिजे. त्यामुळे तेवढ्याच कामाचा खर्च दरवर्षी चढत जातो. पाण्याचं गणित तर आणखी अवघड. धुळ्याला तापीचं पाणी लांबून पंप लावून आणावं लागतं, त्याचं वीजबिल युनिटच्या दराने वाढतं. नागरिकाची पाणीपट्टी मात्र मीटर नसेल तर अर्धा इंची नळाला वर्षाला ठरावीक.

जळगाव आणि धुळे २००३ मध्ये महानगरपालिका झाल्या. त्याआधी १९९९ मध्ये राज्याने नगरपालिकांची जकात बंद करून बदल्यात अनुदान दिलं होतं. महानगरपालिकांमध्ये २०१० पासून टप्प्याटप्प्याने जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींखालच्या उलाढालीला त्यातून सूट मिळाली, आणि जळगाव-धुळ्यासारख्या शहरांत बहुतेक व्यापार त्या रेषेच्या खालचाच. १ जुलै २०१७ ला जीएसटीने उरलंसुरलंही संपवलं. मोबदला म्हणून महाराष्ट्राने २०१७ चा भरपाई कायदा केला. २०१६-१७ चं उत्पन्न पाया धरून महापालिकांना दरवर्षी चक्रवाढीने ८ टक्के वाढ द्यायची, असं त्यात ठरलं.

म्हणजे शहराच्या सर्वांत मोठ्या उत्पन्नाची वाढ कायद्यानेच ठरवली गेली. पायाचे १०० रुपये आठ वर्षांनी १८५ होतात. बाजारातली उलाढाल त्याहून वेगाने वाढली तरी फरक शहराला मिळत नाही. न्यायाने हेही सांगितलं पाहिजे की कोरोनाच्या वर्षी अर्थव्यवस्था आक्रसली तेव्हा याच ८ टक्क्यांनी महापालिकांना तारलं. जकात असती तर नाके ओस पडले असते. माझं दुखणं वेगळं आहे. राज्यांना जीएसटी भरपाई ठरली तेव्हा पाच वर्षांसाठी वाढीचा दर १४ टक्के मान्य झाला, आणि शहरांसाठी ८. खर्चाचा चढ दोघांनाही सारखाच असताना हा फरक मला पटत नाही.

अर्थसंकल्पाच्या बातम्यांत घरपट्टी एकदम ३०-४० टक्क्यांनी वाढलेली दिसली, तर आधी त्या वर्षी अभय योजना होती का ते पाहावं. महिन्याला २ टक्के दराने साचलेली शास्ती माफ झाली की जुनी थकबाकी एकदम भरली जाते आणि उत्प्लावकता फुगलेली दिसते. पुढच्या वर्षी आकडा खाली येतो, आणि नियमित भरणारेही पुढच्या अभय योजनेची वाट पाहू लागतात. म्हणून वसुली न पाहता चालू मागणी पाहावी, आणि तिच्यातही नव्या मालमत्ता वेगळ्या काढाव्यात. जुन्या मालमत्तांची मागणी पाच-सात वर्षं जागची हलली नसेल, तर करपाया थिजला आहे हे कळायला आणखी पुरावा लागत नाही.

कायद्यात यावर तोडगा आहे. महापालिकेने किमान दर चार वर्षांनी नवं आकारणी पुस्तक करावं, असा नियम आहे. प्रत्यक्षात फेरआकारणी लांबत जाते. मग ती होते तेव्हा दहा-पंधरा वर्षांची वाढ एकाच बिलात येते, लोक मोर्चा काढतात, आणि वाढीला स्थगिती मिळते. काही ठिकाणी मधला मार्ग म्हणून नवे दर फक्त नव्या बांधकामांना लावतात. मग एकाच गल्लीत, सारख्याच घराला, जुना रहिवासी नव्या शेजाऱ्याच्या निम्मी-पाव घरपट्टी भरतो. मुंबईने २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत स्वीकारली. तिच्यात कर रेडीरेकनरच्या किमतीला बांधलेला असतो, त्यामुळे लवचिकता निदान कागदावर तरी वाढते. इतर महापालिकांनाही कायद्याने ती मुभा आहे. खानदेशात ती वापरायची तर सराफ बाजारासारख्या जुन्या पेठांतली बिलं सर्वांत जास्त चढतील, कारण तिथल्या जागेची किंमत आणि तिथलं करयोग्य मूल्य यांतली तफावत सर्वांत जुनी आहे.