दोन बाजू, एक कोन आणि दोन त्रिकोण

पुण्यात बारावीच्या क्लासमध्ये त्रिकोणाची उकल शिकवताना साइन नियम आणि कोसाइन नियम एकाच तासात फळ्यावर येतात. इतिहासात मात्र त्यांच्यात बरंच अंतर आहे. कोसाइन नियम युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात, इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास, क्षेत्रफळांच्या भाषेत सापडतो: विशालकोनासाठी एक प्रमेय, लघुकोनासाठी दुसरं. ऋण कोसाइनची कल्पनाच नव्हती, म्हणून दोन. सपाट त्रिकोणाचा साइन नियम तेराव्या शतकात नसीरुद्दीन तुसीने सिद्धतेसह मांडला.

दोन बाजू आणि त्यांच्यामध्ये नसलेला कोन दिला, तर काय होतं? ही अडचण युक्लिडला ठाऊक होती. त्याच्या एकरूपतेच्या कसोट्यांत ही जोडी नाहीच. सहाव्या खंडातल्या सातव्या प्रमेयात ती समरूपतेसाठी येते, पण अटीसह: समान कोन आणि प्रमाणातल्या बाजूंमधला कोन सोडून उरलेला कोन दोन्ही त्रिकोणांत काटकोनापेक्षा लहान हवा, किंवा दोन्हींत लहान नसावा. आजची ‘संदिग्ध स्थिती’ ती हीच.

समजा, पर्वतीवर A उभा आहे. एका टेकडीवरचा टॉवर C तिथून ९ किमीवर आहे. दुसरा टॉवर B हा AC रेषेपासून ३५° बाजूला दिसतो आणि C पासून ६ किमीवर आहे. AB किती?

साइन नियमाने sin B = 9 × sin 35° ÷ 6 ≈ 0.860. कॅल्क्युलेटर ५९.४° म्हणतो आणि गप्प बसतो. पण १२०.६° चा साइनही तोच, आणि १२०.६ + ३५ ही बेरीज १८० पेक्षा कमी आहे, म्हणजे तोही चालतो. पहिल्या कोनाने AB सुमारे १०.४ किमी येतं, दुसऱ्याने ४.३ किमी. दोन्ही उत्तरं खरी!

माझ्या मते इथे कोसाइन नियम अधिक प्रामाणिक आहे. AB ला c म्हटलं की 36 = 81 + c² − 18c cos 35°, म्हणजे साधारण c² − 14.74c + 45 = 0. या वर्गसमीकरणाची दोन्ही धन मुळं आपोआप समोर येतात. C पासून त्या दृष्टिरेषेवरचा लंब 9 sin 35°, म्हणजे ५.१६ किमी. BC त्याहून कमी असती तर त्रिकोणच झाला नसता. ९ किमी किंवा जास्त असती तर एकच झाला असता.

१८०२ मध्ये मद्रासजवळ ब्रिटिश अधिकारी विल्यम लॅम्बटनने पायारेषा मोजून जी मोठी त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली, तिची पद्धत या पेचात सापडतच नव्हती. एक बाजू माहीत, कोन थिओडोलाइटने मोजलेले. साइन नियमाने फक्त बाजू काढायच्या, कोन नाहीत. तिसरा कोन वजाबाकीने मिळत असूनही शक्य तिथे तोही मोजत, कारण बेरजेत किती फरक पडतो यावरून मोजणीतली चूक कळायची. एवढ्या मोठ्या त्रिकोणांत पृथ्वीच्या गोलाईमुळे ती बेरीज मुळातच १८०° हून किंचित जास्त भरते, तेवढं आधी वजा करावं लागे.