नावाचा गुण आणि स्पष्टीकरणाचा गुण

जीवशास्त्राच्या उत्तरपत्रिका गुणदान योजनेशी ताडून पाहताना आकृतीतील नावांचे गुण आणि स्पष्टीकरणाचे गुण एकमेकांत मिसळण्याची चूक वारंवार होते. विद्यार्थ्याला विषय समजला आहे असे एकदा वाटले, की परीक्षकाचा हात दोन्हीकडे सैल होतो.

वनस्पती पेशीवरचा 5 गुणांचा एक प्रश्न घेऊ. आकृतीत पेशीभित्तिका आणि पेशीपटल दाखवण्यासाठी प्रत्येकी 1 गुण आहे, तर पेशी तीव्र मिठाच्या द्रावणात ठेवल्यास काय होईल ते कारणासह सांगण्यासाठी 3 गुण आहेत. एका विद्यार्थ्याने दोन्ही नावे अचूक लिहिली, मात्र दोन्ही रेषांची टोके बाहेरच्या जाड कडेवरच टेकली. खाली त्याने लिहिले: ‘पेशीपटल हे भित्तिकेच्या आतले निवडक्षम पटल आहे. बाहेर मीठ जास्त असल्याने पेशीतील पाणी परासरणाने बाहेर जाते आणि पेशी आकसते.’

नावाचा गुण रेषेचे टोक जिथे पोहोचते तिथे मिळतो. त्यामुळे भित्तिकेला 1 गुण मिळेल, पटलाला शून्य. पटल आत असते हे त्याने खाली लिहिले आहे हे खरे, पण ते वाक्य रेषा सरकवू शकत नाही. एकाच रेषेपुढे ‘पेशीभित्तिका/पेशीपटल’ अशी दोन नावे लिहिली असती, तर बहुतेक योजनांत तोही गुण गेला असता, कारण तिथे निवड विद्यार्थ्याने करायची असते, परीक्षकाने नव्हे.

स्पष्टीकरणात मात्र शब्द जुळवायचे नसतात, मुद्दा जुळवायचा असतो. पाणी परासरणाने बाहेर जाते, हा पहिला गुण सरळ मिळतो. दुसऱ्यासाठी योजनेत ‘निवडक्षम पटलातून, पाण्याचे प्रमाण कमी असलेल्या बाजूकडे’ असे असेल, तरी ‘बाहेर मीठ जास्त’ हे त्याच अर्थाचे आहे आणि पटलाचा उल्लेखही आहे, म्हणून तो द्यावा. इथे पाठ्यपुस्तकी शब्दांचा आग्रह धरणे मला अन्यायाचे वाटते.

तिसऱ्या गुणावर खरी पारख होते. ‘पेशी आकसते’ हे वाचायला बरोबर वाटते, पण भित्तिका ताठ असल्याने पेशीची बाहेरची चौकट जवळजवळ तशीच राहते. आकसते ते आतले द्रव्य, आणि त्याच्यासोबत पटल भित्तिकेपासून सुटते. मधल्या पोकळीत मिठाचे द्रावण शिरते, कारण भित्तिका पाण्याला आणि मिठाला अडवत नाही. पटल सुटण्याचा उल्लेख नसल्याने हा गुण देता येत नाही, आणि हीच माहिती आकृतीतल्या चुकलेल्या रेषेशीही जुळते: विद्यार्थ्याच्या मनात पटल आणि भित्तिका अजून वेगळी झालेली नसावीत.

एकूण गुण 5 पैकी 3 होतात, आणि समासात शेरा लिहायचा तर ‘अपूर्ण’ याऐवजी ‘आकसले काय, पेशी की पेशीद्रव्य?’ असा लिहावा.